तिसऱ्यांच्या शिंपल्यांवरून मोलची गणिते: चढत्या काठिण्याचा सरावसंच, पूर्ण उत्तरे आणि नेहमी होणाऱ्या चुका

तिसऱ्यांचे सुके करून झाले की उरलेले शिंपले मी धुऊन, उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवते. अकरावीच्या वर्गात मोलचा धडा सुरू होतो, तेव्हा त्यातला एकेक शिंपला प्रत्येक बाकावर जातो आणि पुढचे दोन आठवडे आम्ही त्याच्याबाहेर फारसे पडत नाही. गोव्यात पहिली ते चौथी मराठीतून शिकलेल्या अनेक मुलांना पुढे रसायनशास्त्र इंग्रजीतून वाचावे लागते. त्यांना सूत्रे पाठ असतात, पण गणित मांडताना आपण नेमके काय मोजत आहोत हे मनात स्पष्ट नसते. त्यांच्यासाठी हा संच मराठीत मांडला आहे.

सर्व गणिते एकाच पदार्थाभोवती ठेवण्यामागे हेतू आहे. नेहमीच्या संचात दर प्रश्नाला नवा पदार्थ येतो, त्यामुळे चूक मोलच्या विचारात झाली की नुसत्या रेणुवस्तुमानाच्या बेरजेत, हे कळत नाही. येथे शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो भाजला की कळीचा चुना आणि कळीचा चुना पाण्याने विझवला की विझवलेला चुना, एवढीच साखळी आहे. लागणारी मोलर वस्तुमाने एकदाच काढून वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत.

```
CaCO3    40 + 12 + 3×16   = 100 g/mol
CaO      40 + 16          =  56 g/mol
CO2      12 + 2×16        =  44 g/mol
H2O      2×1 + 16         =  18 g/mol
Ca(OH)2  40 + 2×(16 + 1)  =  74 g/mol
```

संपूर्ण संचात एकच शिस्त पाळायची आहे: मोलचा आकडा एकटा लिहायचा नाही. ‘०.०२५ मोल’ हे वाक्य अपुरे आहे, ‘०.०२५ मोल CaCO₃’ हे पुरे आहे. मोल ही मोजणीची संख्या आहे. २० मे २०१९ पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण, आणि कण कोणता हे सांगितल्याशिवाय मोजणीला अर्थ नसतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांमधल्या बहुतेक चुकांचे मूळ या न लिहिलेल्या नावात सापडते, आणि ते कसे, हे पुढे प्रत्येक प्रश्नात दिसेल.

पहिला प्रश्न: एका शिंपल्यातले कण

तिसरीच्या एका शिंपलीचे वस्तुमान २.५ ग्रॅम भरले. ती शुद्ध CaCO₃ ची आहे असे धरून तिच्यात CaCO₃ चे किती मोल आहेत, ऑक्सिजनचे किती अणू आहेत आणि त्या ऑक्सिजनचे वस्तुमान किती, ते काढा.

वस्तुमानाला मोलर वस्तुमानाने भागायचे: २.५ भागिले १००, म्हणजे ०.०२५ मोल CaCO₃. CaCO₃ च्या प्रत्येक सूत्र-एककात ऑक्सिजनचे तीन अणू असतात, म्हणून ऑक्सिजनच्या अणूंचे मोल ०.०२५ × ३, म्हणजे ०.०७५. अणूंची संख्या ०.०७५ × ६.०२२ × १०²³, म्हणजे सुमारे ४.५२ × १०²². त्यांचे वस्तुमान ०.०७५ × १६, म्हणजे १.२ ग्रॅम.

उत्तर वेगळ्या वाटेने पडताळून पाहावे. १०० ग्रॅम CaCO₃ मध्ये ४८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणून २.५ ग्रॅममध्ये त्याचे ४८ टक्के, म्हणजे १.२ ग्रॅम असायला हवा. तो तसाच आला.

शेवटच्या भागात काही जण ०.०७५ ला ३२ ने गुणतात, कारण ‘ऑक्सिजन’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर O₂ येतो. त्यांचे उत्तर २.४ ग्रॅम येते, म्हणजे अडीच ग्रॅमच्या शिंपलीत कॅल्शियम आणि कार्बन मिळून जेमतेम ०.१ ग्रॅम! ‘०.०७५ मोल’ यापुढे ‘O अणू’ एवढे दोन शब्द लिहिले असते, तर ३२ हा आकडा हातातून उतरलाच नसता. शिंपल्यात ऑक्सिजन वायू नाही, कार्बोनेट आयनात बांधलेले ऑक्सिजनचे अणू आहेत. याच कारणाने ‘CaCO₃ चे रेणू’ असे लिहिणेही टाळावे. हा आयनिक पदार्थ आहे, त्याचे सुटे रेणू नसतात, म्हणून सूत्र-एकक हाच शब्द योग्य ठरतो.

दुसरा प्रश्न: शिंपले पूर्ण भाजले तर

२५० ग्रॅम शिंपले पूर्ण विघटन होईपर्यंत भाजले. किती कळीचा चुना मिळेल आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल? त्या वायूचे प्रमाण स्थितीतले आकारमान किती?

```
CaCO3 → CaO + CO2
```

२५० ग्रॅम म्हणजे २.५ मोल CaCO₃. समीकरणात तिन्ही पदार्थांचा गुणांक १ आहे, म्हणून २.५ मोल CaO आणि २.५ मोल CO₂ तयार होतील. चुना २.५ × ५६ = १४० ग्रॅम, वायू २.५ × ४४ = ११० ग्रॅम. दोहोंची बेरीज २५० ग्रॅम, म्हणजे हिशेब जुळला.

येथली मोठी चूक अगदी साध्या चेहऱ्याने येते. गुणांक एकास एक दिसले की विद्यार्थी ‘२५० ग्रॅमपासून २५० ग्रॅम चुना’ असे लिहितो. एका मुलीने तसे लिहिल्यावर मी तिला फक्त एवढेच विचारले, “मग वायू कुठून आला?” तिने दोन क्षण वहीकडे पाहिले आणि स्वतःच आकडा खोडला. समीकरणातले गुणांक मोलचे प्रमाण सांगतात, ग्रॅमचे नव्हे. ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारता येत नाही. आधी मोलवर उतरावे लागते, गुणांकांनी पलीकडच्या पदार्थावर जावे लागते आणि मग पुन्हा ग्रॅमवर चढावे लागते.

आकारमानाच्या भागात आकडा कोणता घ्यावा याबद्दल गोंधळ असतो. आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार ठरवला. त्या दाबाला आणि ० अंश सेल्सिअसला एक मोल आदर्श वायूचे आकारमान २२.७ लिटर असते. जुन्या पुस्तकांतले २२.४ लिटर हे १ ॲटमॉस्फिअर दाबाचे आहे. पहिल्याप्रमाणे उत्तर ५६.७५ लिटर येते, दुसऱ्याप्रमाणे ५६ लिटर. दोन्ही बरोबर आहेत, मात्र दाब कोणता धरला ते लिहिलेच पाहिजे. आपल्याकडच्या वर्गात तापमान ० अंश कधीच नसते. २७ अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला एक मोल वायू सुमारे २४.६ लिटर जागा घेतो, तेव्हा प्रश्नात ‘खोलीच्या तापमानाला’ असे शब्द असतील तर २२.४ लावून चालणार नाही. आणि हा आकडा फक्त वायूचा आहे. २.५ मोल चुन्याला २२.४ ने गुणलेलेही मी पाहिले आहे. तो घन पदार्थ आहे, त्याचे आकारमान हवे असेल तर घनता लागते.

तिसरा प्रश्न: अर्धवट भाजलेले शिंपले

५० ग्रॅम कोरडे शिंपले, म्हणजे शुद्ध CaCO₃ धरून, काही वेळ भट्टीत ठेवले. थंड झाल्यावर उरलेल्या पदार्थाचे वस्तुमान ३४.६ ग्रॅम भरले. किती टक्के CaCO₃ चे विघटन झाले? उरलेल्या पदार्थात काय काय आहे आणि किती?

शिंपले पूर्ण भाजले जायला तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या घरात टिकून राहावे लागते. ते टिकले नाही, तर कडेचा भाग चुना होतो आणि मधला गाभा तसाच राहतो. अशा वेळी उरलेल्या राशीकडे पाहून काही कळत नाही, कारण ती दोन पदार्थांची सरमिसळ असते. जे निघून गेले ते मात्र एकाच पदार्थाचे आहे, म्हणून गणिताची सुरुवात तेथून करायची.

वस्तुमानातली घट ५० − ३४.६ = १५.४ ग्रॅम. ही सर्व CO₂ ची आहे, म्हणून १५.४ भागिले ४४, म्हणजे ०.३५ मोल CO₂. जितके मोल CO₂ गेले तितकेच मोल CaCO₃ विघटित झाले, म्हणजे ०.३५ मोल. सुरुवातीला ०.५० मोल CaCO₃ होते. विघटन ०.३५ भागिले ०.५०, म्हणजे ७० टक्के.

उरलेल्या पदार्थात ०.३५ मोल CaO, म्हणजे १९.६ ग्रॅम, आणि ०.१५ मोल CaCO₃, म्हणजे १५.० ग्रॅम. बेरीज ३४.६ ग्रॅम, तराजूने सांगितले तेवढीच.

घाईत सोडवणारा १५.४ ला ५० ने भागतो आणि ३०.८ टक्के विघटन झाले असे लिहितो. तो CO₂ च्या ग्रॅमना CaCO₃ च्या ग्रॅमने भागतो आहे, आणि त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शिंपले शंभर टक्के भाजले तरी ५० ग्रॅममधून २२ ग्रॅमपेक्षा जास्त वायू निघूच शकत नाही, १५.४ ला त्या २२ ने भागले की ७० टक्केच येतात. प्रत्यक्ष प्रयोगात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. शिंपले आधी ११० अंशांच्या आसपास पूर्ण कोरडे केलेले नसतील, तर उडून गेलेले पाणीही घटीत धरले जाते आणि विघटन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. पावसाळ्यात नुसत्या उन्हाच्या भरवशावर वाळवलेल्या शिंपल्यांचे आकडे म्हणून विश्वासाचे नसतात.

चौथा प्रश्न: आधी काय संपते?

येथे दोन भाग आहेत आणि ते एकापाठोपाठ सोडवावेत, कारण दुसरा भाग पहिल्यातून मिळालेल्या खोट्या आत्मविश्वासासाठीच ठेवला आहे.

(अ) १४० ग्रॅम कळीच्या चुन्यात ५४ ग्रॅम पाणी घातले. किती विझवलेला चुना मिळेल आणि काय शिल्लक राहील?

```
CaO + H2O → Ca(OH)2
```

चुना १४० भागिले ५६, म्हणजे २.५ मोल CaO. पाणी ५४ भागिले १८, म्हणजे ३ मोल H₂O. प्रमाण एकास एक आहे, म्हणून चुना आधी संपेल. हाच येथे मर्यादा घालणारा पदार्थ, ज्याला वर्गात आपण लिमिटिंग रिएजंट म्हणतो. विझवलेला चुना २.५ × ७४ = १८५ ग्रॅम, शिल्लक पाणी ०.५ मोल, म्हणजे ९ ग्रॅम. सुरुवातीचे १९४ ग्रॅम आणि शेवटचे १९४ ग्रॅम.

‘पाणी ५४ ग्रॅमच आहे, म्हणून ते आधी संपेल’ ही चूक ग्रॅमकडे पाहिल्याने होते. पाण्याचे मोलर वस्तुमान लहान असल्यामुळे थोड्या ग्रॅममध्ये पुष्कळ मोल मावतात. हा प्रश्न कागदावरच सोडवायचा आहे हेही येथे स्पष्ट करते. कळीचा चुना पाण्यात पडला की एवढी उष्णता सुटते की पाणी उसळते आणि चुन्याचे शिंतोडे डोळ्यांत जाऊ शकतात. त्याच उष्णतेने बरेचसे पाणी वाफ होऊन जाते, म्हणून चुना विझवणारे लोक पाणी हिशेबापेक्षा पुष्कळ जास्त घेतात. कागदावरचे ९ ग्रॅम पाणी प्रत्यक्षात शिल्लक दिसणार नाही.

(ब) ४.० ग्रॅम शिंपल्यांची पूड ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलिलिटर द्रावणात टाकली. किती CO₂ तयार होईल? किती पूड विरघळायची राहील?

```
CaCO3 + 2HCl → CaCl2 + H2O + CO2
```

पूड ०.०४ मोल CaCO₃. आम्ल ०.५ × ०.१ लिटर, म्हणजे ०.०५ मोल HCl. पहिला भाग नुकताच सुटलेला विद्यार्थी म्हणतो, मोल तर काढले, ०.०४ लहान आहे, म्हणजे पूड आधी संपेल. हे चूक आहे. येथे एका मोल CaCO₃ ला दोन मोल HCl लागतात, म्हणून ०.०४ मोल पुडीला ०.०८ मोल आम्ल हवे होते आणि आपल्याकडे ०.०५ च आहे. आम्ल आधी संपते.

याची खात्रीची पद्धत अशी, की प्रत्येक पदार्थाच्या मोलला त्याच्या स्वतःच्या गुणांकाने भागावे आणि ज्याचा भागाकार लहान तो आधी संपतो असे समजावे. CaCO₃ साठी ०.०४ भागिले १, म्हणजे ०.०४. HCl साठी ०.०५ भागिले २, म्हणजे ०.०२५. लहान आम्लाचा आहे. हा ०.०२५ नुसता तुलनेचा आकडा नाही. अभिक्रिया समीकरणात लिहिल्याप्रमाणे ०.०२५ मोल इतकी पुढे सरकेल असा त्याचा अर्थ आहे, म्हणून पुढची सर्व उत्तरे त्याच्यावरूनच निघतात. CO₂ चे ०.०२५ मोल, म्हणजे १.१ ग्रॅम. वापरलेले CaCO₃ ०.०२५ मोल, राहिलेले ०.०१५ मोल, म्हणजे १.५ ग्रॅम पूड तळाशी दिसेल. प्रयोगशाळेत वायू गोळा करून मोजलात तर तो थोडा कमीच भरेल, कारण CO₂ चा काही भाग पाण्यात विरघळून राहतो.

आकारमान मिलिलिटरमध्येच ठेवून ०.५ × १०० = ५० मोल आम्ल असे लिहिणे ही या भागातली दुसरी चूक आहे. मोलरता म्हणजे दर लिटरमागे मोल. ५० मोल HCl म्हणजे पावणेदोन किलोपेक्षा जास्त आम्ल, आणि ते १०० मिलिलिटरच्या चंचुपात्रात मावणार नाही. असा आकडा समोर आला की एकक तपासायचे.

पाचवा प्रश्न: शिंपला खरोखर किती टक्के CaCO₃ आहे?

आतापर्यंत आपण शिंपला शुद्ध धरला. प्रत्यक्षात त्यात थोडी प्रथिने, ओलावा आणि बारीक वाळू असते. शुद्धता काढण्यासाठी सरळ टायट्रेशन सोयीचे नाही, कारण पूड पाण्यात विरघळत नाही आणि शेवटचे कण आम्लात इतके हळू जातात की रंग नेमका कधी बदलला ते ठरवता येत नाही. म्हणून उलट वाट धरतात: मोजून जास्त आम्ल घालायचे, पूड पूर्ण विरघळू द्यायची आणि उरलेले आम्ल मोजायचे. हे बॅक टायट्रेशन. या संचातला हा सर्वांत कठीण प्रश्न असल्याने येथे सावकाश जाऊ.

नोंदी अशा आहेत. कोरड्या पुडीचे वस्तुमान १.००० ग्रॅम. त्यात ०.५०० मोलर HCl चे ५०.० मिलिलिटर घातले. बुडबुडे थांबल्यावर द्रावण थोडा वेळ सौम्य उकळले, थंड केले, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत २५० मिलिलिटर केले आणि चांगले हलवले. त्यातले २५.० मिलिलिटर पिपेटने शंकूपात्रात घेऊन फेनॉल्फ्थॅलिन दर्शक वापरून ०.०५०० मोलर NaOH ने टायट्रेशन केले. ब्युरेटची वाचने १२.४, १२.० आणि १२.० मिलिलिटर आली.

```
NaOH + HCl → NaCl + H2O
```

पहिले वाचन अंदाजाचे असते, त्यात शेवटी थेंब मोजून सोडलेले नसतात. ते सरासरीत धरायचे नाही. एकमेकांशी जुळणारी दोन वाचने १२.० आहेत, तीच घ्यायची. तिन्हींची सरासरी काढली तर १२.१३ येते आणि शुद्धता जवळजवळ एक तृतीयांश टक्क्याने घसरते.

आता हिशेब. प्रत्येक ओळीत कोणत्या पदार्थाचे मोल, आणि ते कोणत्या भांड्यातले, हे दोन्ही लिहायचे आहे.

```
ब्युरेटमधून गेलेले NaOH          0.0500 × 0.0120 = 0.000600 mol
शंकूपात्रातले (25 mL) उरलेले HCl                  = 0.000600 mol
फ्लास्कमधले (250 mL) उरलेले HCl   0.000600 × 10   = 0.00600 mol
सुरुवातीला घातलेले HCl           0.500 × 0.0500  = 0.0250 mol
पुडीशी अभिक्रिया झालेले HCl       0.0250 − 0.0060 = 0.0190 mol
पुडीतले CaCO3                    0.0190 ÷ 2      = 0.00950 mol
CaCO3 चे वस्तुमान                0.00950 × 100   = 0.950 g
```

शुद्धता ०.९५० भागिले १.०००, म्हणजे ९५.० टक्के.

या सात ओळींपैकी एखादी वगळली तर काय होते, हे मी मुलांना मुद्दाम करून दाखवते. दहाने गुणायचे राहिले, तर उरलेले आम्ल ०.०००६ मोलच धरले जाते आणि शुद्धता १२२ टक्के येते. दोनने भागायचे राहिले, तर १९० टक्के. हे दोन्ही आकडे शंभराच्या वर असल्यामुळे स्वतःच ओरडून सांगतात की काहीतरी चुकले आहे. वजाबाकी राहिली, म्हणजे उरलेले आम्ल हेच पुडीला लागलेले आम्ल समजले, तर ०.००६० भागिले २, म्हणजे ०.००३० मोल आणि शुद्धता ३० टक्के येते. ही चूक सर्वांत धोक्याची आहे, कारण ३० टक्के हा आकडा शक्य वाटतो आणि विद्यार्थी त्याच्याखाली निर्धास्तपणे दोन रेघा ओढतो. शिंपला बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असतो हे ठाऊक असेल तरच शंका येते. म्हणून बॅक टायट्रेशनच्या वहीत ‘उरलेले’ आणि ‘लागलेले’ हे दोन शब्द वेगवेगळ्या रंगाच्या पेनाने लिहावेत असा माझा आग्रह असतो.

द्रावण उकळण्याची पायरीही विनाकारण नाही. आम्लात विरघळून राहिलेला CO₂ फेनॉल्फ्थॅलिनचा रंग येण्याआधी थोडा NaOH खातो. मग ब्युरेटचे वाचन वाढते, उरलेले आम्ल खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि शुद्धता कमी निघते. रंग गुलाबी होऊन लगेच विरत असेल, तर CO₂ शिल्लक असल्याची दाट शंका घ्यावी.

एका थेंबाची किंमतही काढून पाहावी. थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. तेवढ्या NaOH मध्ये ०.०००००२५ मोल असतात, पूर्ण फ्लास्कसाठी त्याचे दहापट, आणि CaCO₃ साठी त्याचे निम्मे, म्हणजे ०.००००१२५ मोल किंवा ०.००१२५ ग्रॅम. एक ग्रॅम पुडीवर हे सुमारे ०.१ टक्का होते. म्हणजे एक थेंब इकडे तिकडे झाला, की उत्तराचा दशांशानंतरचा अंक हलतो. म्हणून येथे ९५.० लिहावे, कॅल्क्युलेटरने पुढे कितीही अंक दाखवले तरी ते उतरवून घेऊ नयेत.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात असू द्यावी. HCl ला CaCO₃ आणि MgCO₃ मधला फरक कळत नाही. शिंपल्यात मॅग्नेशियम कार्बोनेट थोडे असेल, तर तेही आम्ल खाते आणि आपल्या उत्तरात CaCO₃ म्हणूनच मोजले जाते.

स्वतः सोडवण्यासाठी दोन प्रश्न

सहावा: शिनाण्यांच्या शिंपल्यांची ०.८०० ग्रॅम कोरडी पूड ०.५०० मोलर HCl च्या ४०.० मिलिलिटरमध्ये विरघळवली, उकळून थंड केली आणि द्रावण २०० मिलिलिटर केले. त्यातल्या २०.० मिलिलिटरला ०.०५०० मोलर NaOH चे १०.४ मिलिलिटर लागले. शुद्धता काढा. येथे पूड एक ग्रॅम नाही, एवढे शेवटच्या ओळीत विसरू नये.

सातवा: २८ ग्रॅम ताजा कळीचा चुना पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यात राहिला आणि काही दिवसांनी त्याचे वस्तुमान ३०.७ ग्रॅम भरले. त्याने हवेतले फक्त पाणी घेतले असे धरून किती टक्के चुना विझला आणि डब्यात आता काय काय आहे, ते काढा. तिसऱ्या प्रश्नात घटीवरून सुरुवात केली, येथे वाढीवरून करायची.

सहाव्याच्या पडताळणीसाठी: फ्लास्कमध्ये उरलेले HCl ०.००५२ मोल, पुडीला लागलेले ०.०१४८ मोल, CaCO₃ ०.००७४ मोल, म्हणजे ०.७४ ग्रॅम, ०.८०० ग्रॅमने भागून ९२.५ टक्के. ०.७४ पाहून थेट ७४ टक्के लिहिले असेल, तर पुडीचे वस्तुमान हिशेबात आलेले नाही.

सातव्याच्या पडताळणीसाठी: वाढ २.७ ग्रॅम, म्हणजे ०.१५ मोल H₂O. सुरुवातीचा चुना ०.५० मोल CaO, म्हणून ३० टक्के विझला. डब्यात ०.१५ मोल Ca(OH)₂, म्हणजे ११.१ ग्रॅम, आणि ०.३५ मोल CaO, म्हणजे १९.६ ग्रॅम आहे. प्रत्यक्षात असा चुना हवेतला CO₂ ही थोडा घेतो आणि त्याचा काही भाग पुन्हा CaCO₃ होतो. तो किती झाला हे नुसत्या वस्तुमानावरून सांगता येणार नाही, कारण आता वाढ दोन पदार्थांची असेल आणि आपल्याकडे आकडा एकच आहे.